एचडीआर खेळांसाठी नवे ग्राफिक्स कार्ड हवेच काय?

संगणकावर खेळ खेळणाऱ्यांमध्ये अलीकडे एक समजूत चांगलीच रुजलेली दिसते. ती अशी की, एचडीआर चित्राचा लाभ घ्यावयाचा म्हणजे प्रथम अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड विकत घेणे प्राप्त आहे, आणि मॉनिटर व केबल या बाबी त्यामागून, जमेल तशा, पाहिल्या तरी चालण्यासारखे आहे. या समजुतीपायी पुष्कळांचा पैसा भलत्या ठिकाणी खर्ची पडतो. सुस्थितीतले कार्ड काढून नवे बसविले जाते, त्याला खोक्यावर एचडीआरचा शिक्का असलेला एखादा स्वस्त मॉनिटर जोडला जातो, घरात पडलेली कोणतीही केबल त्यांच्यामध्ये खोचली जाते, आणि मग समोर उमटलेले फिकट, करडे चित्र पाहून एचडीआर ही केवळ जाहिरातीची बाब आहे असा निकाल दिला जातो. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. एचडीआरचा खरा भार मॉनिटरवर पडतो, त्याखालोखाल जोडणीवर पडतो, आणि कार्डाच्या गणनशक्तीवर तो इतका अल्प पडतो की केवळ त्यासाठी कार्ड बदलण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही. कार्डाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जरूर पाहावी लागते. पण ती त्याच्या ताकदीची नसून त्याच्या पाठीमागील पोर्टांची आहे, आणि हा भेद स्पष्ट झाला म्हणजे बाकीचा हिशेब आपोआप सुटतो.

प्रथम कार्डाच्या आत काय घडते ते पाहू. आधुनिक खेळातील दृश्य तयार होते तेव्हा सूर्य, दिवा, पाण्यावरील चमक आणि गुहेतील अंधार या सर्वांच्या तेजाची गणना कार्ड आपल्या स्मृतीत फार मोठ्या पल्ल्यावर करीत असते. त्या गणनेत सूर्यबिंब हे कागदाच्या पांढऱ्या पृष्ठाहून हजारो पटींनी तेजस्वी असू शकते. ही पद्धत नवी नाही. व्हॉल्व्ह या संस्थेने २००५ साली ‘हाफ-लाइफ २ : लॉस्ट कोस्ट’ हा छोटा खेळ मुख्यतः याच पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून प्रसिद्ध केला होता, आणि त्यानंतर ही रीत सर्वत्र रूढ झाली. अडचण होती ती शेवटच्या पायरीवर. त्या काळच्या मॉनिटरला एवढा पल्ला दाखविता येत नसे, म्हणून कार्डाला ते विशाल तेज दाबून, आवळून, मॉनिटरच्या मर्यादित पट्टीत बसवावे लागे. तीन सप्तकांत फिरणाऱ्या गवयाची चीज एका सप्तकाच्या पेटीवर वाजवावयाची म्हणजे जे करावे लागेल, तेच हे काम होय. स्वर ओळखू येतात, परंतु उंची आणि खोली दोन्ही हरवतात. या शेवटच्या पायरीला टोन मॅपिंग म्हणतात. ती साध्या मॉनिटरसाठी करावीच लागते आणि एचडीआर मॉनिटरसाठीही करावी लागते. दुसऱ्या प्रसंगी फक्त आवळणे कमी असते आणि पट्टी निराळी असते. ज्या कामाचा मोठा वाटा कार्ड आधीपासूनच करीत होते, त्याच्या अखेरच्या सूत्रात बदल झाल्याने त्याच्यावर नवे ओझे फारसे पडत नाही.

स्मृतीच्या बाबतीतही हीच कथा आहे. साध्या चित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी आठ आठ बिट खर्च होतात आणि उरलेले आठ पारदर्शकतेकडे जातात, म्हणजे एकूण ३२ बिट. एचडीआर चित्रात प्रत्येक रंगाला दहा बिट मिळतात व पारदर्शकतेला दोन उरतात. बेरीज पुन्हा ३२च. काही खेळ शेवटचे चित्र १६ बिटांच्या अपूर्णांकी रूपात ठेवतात आणि तेथे जागा दुप्पट लागते. परंतु ४के आकाराच्या एका चित्रालाही ती वाढ सुमारे ३३ मेगाबाइटच भरते, आणि कित्येक गिगाबाइट स्मृती बाळगणाऱ्या कार्डाला तिची क्षिती वाटण्याचे कारण नाही. सबब, योग्य रीतीने जोडलेल्या व्यवस्थेत एचडीआर चालू केल्यामुळे दर सेकंदास उमटणाऱ्या फ्रेमची संख्या फार तर एकदोन टक्क्यांनी घटते, आणि पुष्कळ खेळांत ती घट मोजमापाच्या चुकीतच विरून जाते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मोठी घट झाल्याचे दाखलेही प्रसिद्ध आहेत. ते आहेत. जर्मनीतील कॉम्प्युटरबेस या नियतकालिकाने २०१८ साली केलेल्या तुलनेत एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० या कार्डाची गती एचडीआरमध्ये सरासरीने सुमारे दहा टक्क्यांनी उतरली, तर एएमडीच्या व्हेगा ६४ची केवळ दोनेक टक्क्यांनी. पण याच दाखल्याचे बारकाईने परीक्षण केले तर तो आपल्या विधानाला पुष्टीच देतो. दोन्ही कार्डे साधारण एकाच योग्यतेची असता एक अडखळते आणि दुसरे अडखळत नाही, याचा अर्थ अडथळा एचडीआरच्या गणनेत नव्हता. बाहेर जाणाऱ्या चित्राचे रंग ज्या रूपात रूपांतरित केले जात होते, तेथे तो होता. ते रूपांतर टाळले असता घटही कमी झाली. ते रूपांतर का करावे लागते हा केबलचा प्रश्न आहे, आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

मग नवे कार्ड घेतल्यावाचून गत्यंतर नाही असे लोकांना का वाटते? याचे कारण असे की, एचडीआर बहुधा एकटे घरात येत नाही. जुना फुल एचडी मॉनिटर जाऊन त्याच्या जागी ४के मॉनिटर येतो, आणि त्या एका बदलाने कार्डाला रंगवाव्या लागणाऱ्या बिंदूंची संख्या चौपट होते. खेळ मंदावतो तो त्यामुळे. दोष मात्र त्याच दिवशी चालू केलेल्या एचडीआरच्या माथी येतो. वाचकांपैकी कोणाला अशी शंका असेल तर तिची खातरजमा दहा मिनिटांत होते. खेळातील एकच जागा निवडावी, रिझोल्यूशन व इतर सर्व सेटिंग तशीच ठेवावी, एकदा एचडीआर बंद करून व एकदा चालू करून फ्रेमची सरासरी टिपावी. फरक पाच टक्क्यांहून अधिक निघाला तर कार्ड दुबळे आहे असा निष्कर्ष न काढता जोडणी तपासावी. एका अपवादाची मात्र येथे नोंद केली पाहिजे. ज्या जुन्या खेळांत मुळात एचडीआर नाही, त्यांना ते बाहेरून चढविण्याच्या दोन सोयी प्रचलित आहेत. विंडोज ११मधील ऑटो एचडीआर ही हलकी आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवरील आरटीएक्स एचडीआर ही अधिक देखणे चित्र देते खरी, पण प्रत्येक फ्रेमवर स्वतंत्र गणना करीत असल्याने तिचा भार जाणवण्याइतका असतो. मध्यम कार्डावर पहिलीच सोय पत्करावी.

आता मॉनिटर. खर्चाचा मोठा भाग येथे पडावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ग्राहकाची सर्वांत मोठी फसगतही येथेच होते. तेजाचे माप निट या एककात देतात. साधे चित्र सुमारे शंभर निटांचे प्रमाण धरून घडविलेले असते, आणि घरगुती मॉनिटर ते दोनशे-अडीचशे निटांपर्यंत उजळून दाखवितो. एचडीआर चित्रात तेजस्वी ठिकाणे हजार निटांची किंवा त्याहून अधिक असू शकतात. परंतु एचडीआरचे मर्म संपूर्ण पडदा प्रखर करण्यात नाही. एकाच दृश्यात मशालीची ज्योत हजार निटांनी तळपावी आणि तिच्या बाजूची भिंत खरोखर अंधारात असावी, हे त्याचे मर्म आहे. म्हणजे वरची मर्यादा जितकी महत्त्वाची, तितकीच खालची.

या कसोटीवर सामान्य आयपीएस मॉनिटर धरून पाहावा. त्याच्या पाठीमागे एकच सलग बॅकलाइट असतो आणि त्याचा पांढरा हा काळ्याहून साधारण हजार पटींनी तेजस्वी असतो. तो ४०० निटांवर नेला की त्याचा काळा ०.४ निटांवर येतो; आणि अंधाऱ्या खोलीत ०.४ निटांचा काळा हा काळा दिसत नाही, धुरकट करडा दिसतो. ज्योत उजळविण्यासाठी बॅकलाइट वाढविला की गुहाही उजळते, आणि हजारास एक हे गुणोत्तर जिथल्या तिथे राहते. व्हेसा या प्रमाणन संस्थेने डिसेंबर २०१७मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाची श्रेणी सुरू केली, तिच्या सर्वांत खालच्या ४०० या पायरीसाठी बॅकलाइटचे विभाग पाडण्याची अट नव्हती आणि दहा बिटांचीही नव्हती. २०२४ साली या अटी पुष्कळ कडक झाल्या. परंतु जुन्या अटींवर प्रमाणित झालेले मॉनिटर बाजारातून नाहीसे झालेले नाहीत. त्याहूनही खालची एक पायरी आहे, ती म्हणजे ‘एचडीआर १०ला पाठिंबा’ एवढाच मजकूर. त्याचा अर्थ इतकाच की मॉनिटर एचडीआरचा संकेत स्वीकारतो. तो दाखविण्याची ऐपत त्याच्या ठायी आहे की नाही, याविषयी तो मजकूर काहीच सांगत नाही. २५० निटांच्या मॉनिटरवरही तो छापलेला आढळतो, आणि अशा मॉनिटरवर एचडीआर चालू करण्यापेक्षा ते बंद ठेवलेले चांगले दिसते.

खरे एचडीआर दाखविण्याचे आज व्यवहारात दोनच मार्ग आहेत. पहिला मिनी-एलईडीचा. यात बॅकलाइटचे शेकडो स्वतंत्र विभाग केलेले असतात. जेथे ज्योत आहे तेथील विभाग पेटतो आणि जेथे अंधार आहे तेथील मंदावतो. या योजनेला लोकल डिमिंग म्हणतात. तीत विभागांची संख्या निर्णायक असते: काठावर दिवे लावून पाडलेले आठ किंवा सोळा उभे पट्टे आणि पाठीमागे पसरलेले तीनशेहून अधिक चौकोन, या दोहोंना जाहिरातीत एकच नाव मिळते, पण पडद्यावर त्यांचे काही साम्य नाही. सोळा पट्ट्यांच्या मॉनिटरवर एक लहानसा शुभ्र बाण काळ्या पडद्यावरून डावीकडून उजवीकडे न्यावा. त्याच्याबरोबर वरपासून खालपर्यंत उजेडाचा एक स्तंभ सरकताना दिसेल. विभाग अधिक झाले की हा स्तंभ आकसून वस्तूभोवतीच्या मंद वलयापुरता उरतो. दुसरा मार्ग ओएलईडीचा. यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो आणि स्वतःच पूर्ण विझतो, त्यामुळे वलयाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची मर्यादा दुसऱ्या बाजूला आहे: हजार निटांचे तेज त्याला पडद्याच्या दोनतीन टक्के भागावरच देता येते, आणि सारा पडदा शुभ्र झाला की ते अडीचशे निटांच्या आसपास उतरते. दिवसभर खिडक्या उघड्या असणाऱ्या, उन्हाचा उजेड थेट आत येणाऱ्या आपल्याकडील खोलीत खेळणाऱ्याने म्हणून मिनी-एलईडीकडे झुकावे. रात्री दिवा मालवून खेळणाऱ्याला ओएलईडीसारखे सुख नाही. तासन्‌तास एकच स्थिर मजकूर समोर ठेवून ज्यांना त्याच मॉनिटरवर कचेरीचे कामही करावयाचे आहे, त्यांनी ओएलईडीवर डाग राहण्याचा संभव लक्षात घ्यावा.

तिसरी बाब जोडणीची, आणि येथे मात्र थोडे अंकगणित केल्यावाचून भागत नाही. बिंदूंची संख्या, दर सेकंदास चित्र किती वेळा बदलते तो रिफ्रेश रेट, आणि दर बिंदूमागे लागणारे बिट यांचा गुणाकार केला की केबलमधून दर सेकंदास किती माहिती वाहावयास हवी ते निघते. आठ बिटांऐवजी दहा बिट झाले की तिन्ही रंग मिळून २४चे ३० बिट होतात, म्हणजे मागणी एकदम चतुर्थांशाने वाढते. ज्या जोडणीला साधे चित्र जेमतेम पेलत होते, तिला एचडीआर पेलत नाही, ते या चतुर्थांशामुळे. ज्या रूपांतराचा वर उल्लेख आला, तेही यातूनच उद्भवते: जागा अपुरी पडली की कार्ड रंगांचा तपशील निम्मा करून पाठविते, किंवा बिट आठांवर आणते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, एका वाचकापाशी आरटीएक्स ३०६० हे कार्ड आहे आणि फुल एचडीचा जुना मॉनिटर आहे. त्याला आता २५६० गुणिले १४४० बिंदूंचा, १८० हर्ट्झचा, तीनशेहून अधिक विभागांचा मिनी-एलईडी मॉनिटर घ्यावयाचा आहे, आणि कार्डही बदलावे काय असा त्याचा प्रश्न आहे. बिंदू सुमारे ३६.९ लाख, त्यांना १८०ने व मग ३०ने गुणिले असता १९.९ गिगाबिट येतात, आणि दोन चित्रांमधील रिकाम्या अवकाशाची भर धरली तर सुमारे २२. या कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४ आहे आणि त्याची उपयुक्त क्षमता २५.९ गिगाबिट आहे. म्हणजे संपूर्ण रंग, पूर्ण दहा बिट आणि पूर्ण १८० हर्ट्झ ही तिन्ही कोणत्याही तडजोडीवाचून त्यातून जातात. परंतु याच मॉनिटरवरील एचडीएमआय पोर्ट २.० जातीचा असण्याचा संभव बराच असतो, आणि त्याची उपयुक्त क्षमता १४.४ गिगाबिटच आहे. तेथून १८० हर्ट्झ आठ बिटांतही जात नाहीत. १४४ हर्ट्झ आठ बिटांत कसेबसे जातात आणि दहा बिटांत नाहीतच. कार्डावरील एचडीएमआय २.१ असला तरी उपयोग नाही, कारण दोन टोकांपैकी जे अरुंद, त्याचाच अंमल चालतो. तेव्हा या वाचकाला माझे उत्तर असे: कार्ड ठेवावे, मॉनिटर घ्यावा, आणि तो डिस्प्लेपोर्टानेच जोडावा. बिंदूंची संख्या फुल एचडीहून सुमारे पावणेदोन पट झाल्याने त्याचे अवजड खेळ मंदावतील खरे. ते त्याने सावल्या व प्रतिबिंबे यांची सेटिंग एक पायरी उतरवून किंवा डीएलएसएसचा आश्रय घेऊन सावरावे, आणि त्याचा बोल एचडीआरला लावू नये.

जुन्या कार्डांच्या बाबतीत कोठवर मागे जाता येते? एनव्हिडियाची जीटीएक्स ९०० मालिका एचडीएमआयवरून, आणि २०१६ सालापासूनची १० मालिका दोन्ही पोर्टांवरून एचडीआर देते. एएमडीकडे आरएक्स ४०० मालिकेपासून निर्धास्त असावे. म्हणजे इतकी जुनी कार्डेही या कामातून बाद होत नाहीत. ताकद आणि पोर्ट यांतील भेद येथे उघड दिसतो. जीटीएक्स १०८० टीआय हे आजही आरटीएक्स ३०५०हून अधिक ताकदीचे आहे, पण पहिल्यावर एचडीएमआय २.० आहे आणि दुसऱ्यावर २.१, ज्याची क्षमता ४८ गिगाबिटांपर्यंत जाते; त्यामुळे १२० हर्ट्झच्या ४के टीव्हीला एचडीआरचे पूर्ण चित्र दुबळे कार्डच देऊ शकते. तसेच ४के, १४४ हर्ट्झ आणि दहा बिट यांचा गुणाकार ३५.८ गिगाबिट होतो आणि तो डिस्प्लेपोर्ट १.४मध्ये मावत नाही. तो मावविण्यासाठी डीएससी नावाची संकोचनाची युक्ती वापरतात. नजरेला तिने फरक पडत नाही, मात्र ती कार्ड व मॉनिटर दोघांनाही अवगत असावी लागते. आरटीएक्स २० आणि आरएक्स ५००० या मालिकांपासून पुढे ती आहे, जीटीएक्स १० मालिकेत नाही. ज्याला असा मॉनिटर घ्यावयाचा आहे आणि ज्यापाशी १० मालिकेचे कार्ड आहे, त्याने कार्ड बदलावे. एचडीआरच्या नावाने कार्ड बदलण्याचे मला मान्य असलेले हे जवळजवळ एकमेव कारण आहे.

घरच्या टीव्हीवर ४के व ६० हर्ट्झवर खेळणाऱ्यांना एक दिलासा देतो. त्यांच्या चित्राला दहा बिटांत किमान १४.९ गिगाबिट लागतात आणि एचडीएमआय २.०ला ते पेलत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या पडद्यावर `8-bit with dithering` असे शब्द दिसतात. ते पाहून घाबरू नये. कार्ड दहा बिटांच्या छटा आठ बिटांत बारीक दाणे पेरून बसविते, आणि खेळाच्या धावत्या दृश्यात हा फरक डोळ्यांना क्वचितच सापडतो. निम्म्या रंगांचे दहा बिट निवडण्यापेक्षा संपूर्ण रंगांचे आठ बिट पत्करणे अधिक श्रेयस्कर, कारण निम्म्या रंगांत बारीक अक्षरांच्या कडा मळकट होतात.

केबलविषयी मोजकेच सांगण्यासारखे आहे. ‘एचडीएमआय २.१ केबल’ असा कोणताही अधिकृत प्रकार नाही. आवृत्ती पोर्टांना असते, केबलला दर्जा असतो. १८ गिगाबिटांसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशी प्रमाणित नावे असून त्यांच्या वेष्टणावर तपासून पाहता येणारे लेबल असते. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, खरेदी करताना केबलवर छापलेल्या ‘८के’ या अक्षरांपेक्षा त्या लेबलावर विश्वास ठेवावा, आणि लांबी दोन मीटरांच्या आत राहील असे पाहावे. मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबल बहुधा पुरेशी असते. निकृष्ट केबलची लक्षणे ठरलेली आहेत: काळ्या भागात लुकलुकणारे ठिपके, क्षणभर पडदा काळा होऊन परत येणे, आणि हे सारे एचडीआर किंवा वरचा रिफ्रेश रेट चालू असतानाच होणे. रिफ्रेश रेट उतरविताच दोष थांबला, तर तो केबलचा समजावा. चित्राचा रंग ‘थोडा फिका’ येणे हे मात्र कधीही केबलचे लक्षण नसते. त्याचे मूळ सेटिंगमध्ये असते.

आणि सेटिंगकडे लक्ष द्यावेच लागते, कारण उत्तम साहित्य जोडूनही पहिल्या दिवशी चित्र बिघडलेले दिसणे हा सार्वत्रिक अनुभव आहे. केबल कार्डात खोचली आहे, मदरबोर्डावरील पोर्टात नव्हे, हे प्रथम पाहावे. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन डिस्प्लेपोर्टाची आवृत्ती १.४वर आहे, एचडीआर चालू आहे आणि लोकल डिमिंग बंद ठेवलेले नाही, याची खात्री करावी. टीव्ही असेल तर त्या एचडीएमआय पोर्टासाठी विस्तारित संकेताची निवड वेगळी चालू करावी लागते, आणि ती होईपर्यंत संगणकाला त्या टीव्हीवर एचडीआर आहे याचा पत्ताच लागत नाही. त्यानंतर विंडोजमध्ये `Settings > System > Display` येथे `Use HDR` चालू करावे आणि `Advanced display` या पानावर बिट व रिफ्रेश रेट अपेक्षेप्रमाणे आहेत काय ते वाचावे. एचडीआर चालू असताना विंडोजचे साधे पडदे मळकट वाटतात. त्यासाठी त्याच ठिकाणी `SDR content brightness` ही पट्टी आहे, किंवा `Windows + Alt + B` या कळा दाबून खेळापुरतेच एचडीआर चालू-बंद करता येते.

अखेरचे आणि सर्वांत उपेक्षित काम मापनाचे आहे. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने `Windows HDR Calibration` नावाचे विनामूल्य साधन दिलेले आहे. ते एकामागून एक नमुने दाखविते आणि नमुन्यातील आकृती पार्श्वभूमीत नुकतीच विरून जाईल तेथे पट्टी थांबविण्यास सांगते. त्यातून मॉनिटरचा खरा काळा, खरे शिखरतेज आणि संपूर्ण पडद्याचे तेज ठरते. शिखरतेजाचा जो आकडा येईल तो टिपून ठेवावा, आणि ज्या खेळात असा आकडा मागितला जाईल तेथे तोच द्यावा. ६०० निटांच्या मॉनिटरला खेळात १००० सांगितले, तर ढगांमधील सर्व छटा एका पांढऱ्या ठिगळात बुडतात. १०००च्या मॉनिटरला ४०० सांगितले, तर ज्यासाठी पैसे मोजले ते तेज कधी दिसतच नाही. पांढऱ्या कागदाच्या तेजाची स्वतंत्र पट्टी असेल तर ती दोनशे निटांच्या आसपास ठेवून खोलीतल्या उजेडाप्रमाणे थोडी मागेपुढे करावी.

नव्या मॉनिटरच्या परतीची मुदत संपण्यापूर्वी हे सर्व उरकून घ्यावे, आणि मग खोलीत अंधार करून रात्रीचे, एखादाच दिवा असलेले दृश्य पाच मिनिटे पाहावे. दिव्याभोवतीचा सारा पडदा करडा होत असेल, किंवा दिव्याबरोबर उजेडाचा उभा पट्टा फिरत असेल, तर कोणतेही कार्ड व कोणतीही केबल तो दोष दूर करू शकत नाही. तो मॉनिटर दुकानदाराकडे परत करावा, आणि कार्डासाठी राखून ठेवलेली रक्कम त्याच्याहून चांगल्या मॉनिटरात घालावी.